रिपोर्टच्या आदल्या रात्री बायकोला काय लिहू?

*"ताई, नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर आहे, राहायला फुलेवाडीत. बायको ३४ वर्षांची, पोरगी शाळेत जातीय. तिच्या डाव्या छातीत गाठ लागली, सोनोग्राफीत बायरॅड्स ४ए लिहून आलं, शनिवारी बायोप्सी झाली. डॉक्टर म्हणाले यातल्या बहुतेक साध्या निघतात पण खात्री करून घेऊ. रिपोर्ट गुरुवारी माझ्या मोबाईलवर येणार, संध्याकाळी सहाला ओपीडी. बुधवारी माझी नाईट आहे, सुट्टी मिळंना. ती तो चारचा आकडा बघून गप्पच झालीय, वरनं मावशी म्हणाली सुई लावली की पसरतंय. समोर बोलायला गेलं की मला शब्द सुचत नाहीत, म्हणून रात्री जेवणाच्या सुट्टीत मेसेज टाकणाराय. हे लिहिलंय, 'टेन्शन घेऊ नको, काही नसणार, रिपोर्ट नॉर्मलच येणार, अंबाबाईवर सोड आणि झोप.' बरोबर आहे का? अजून काय घालू?" – श., कोल्हापूर*

श. दादा,

मेसेज नक्की पाठवा, पण हा नको. "रिपोर्ट नॉर्मलच येणार" एवढं वाक्य आधी काढून टाका, त्याच्याविषयी मला जरा सविस्तर बोलायचंय. मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्टच्या काउंटरला काढलीत, आणि रिपोर्टच्या आदल्या दिवशी लोक एकमेकांना काय म्हणतात ते रोज कानावर पडायचं. सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच, "काही नसतंय गं". म्हणणाऱ्याच्या पोटात माया असते, त्याबद्दल शंकाच नाही. पण ऐकणारीला पक्कं ठाऊक असतं की ह्याला काही माहीत नाही, ह्याने काचेखाली काही बघितलेलं नाही, हा नुसता मला गप्प करतोय. मग तिने करायचं काय? "मला भीती वाटतेय" म्हटलं तर तुमच्या तोंडचा धीर ती काढून घेतल्यासारखं होतं. म्हणून ती "हं" लिहिते, फोन उलटा ठेवते आणि छताकडे बघत पडते, आणि तुम्हाला इकडे वाटतं चला, शांत झाली. ती आत्ता जी गप्प आहे ना, त्यात हे असलं थोडंफार असणार असं मला तुमच्या पत्रावरनं वाटतंय.

"टेन्शन घेऊ नको" चं पण तसंच. टेन्शन कुणी घ्यायचं म्हणून घेत नाही.

आता तो चारचा आकडा. हे आधी तुमच्याच डोक्यात क्लिअर व्हायला पाहिजे, नाहीतर मेसेजमध्ये काहीतरी अर्धवट जाईल. आपल्याकडे "फोर्थ स्टेज" हा शब्द सिनेमापासून शेजारच्या काकूपर्यंत सगळ्यांनी ऐकलेला असतो, त्यामुळे कॅन्सरच्या नुसत्या शंकेच्या कागदावर ४ दिसला की पोटात गोळा येणारच. पण बायरॅड्स हा सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचा नंबर आहे, ० ते ६ असा. चित्र बघून पुढं काय करायचं, हे तो नंबर सांगतो. ३ म्हणजे सहा महिन्यांनी परत बघू. ४ म्हणजे वाट बघत बसू नका, तुकडा काढून तपासा. एवढंच. स्टेज हा वेगळाच विषय आहे, तो कॅन्सर आहे हे सिद्ध झाल्यावरच ठरतो, गाठीचा साईज, काखेतल्या गाठी, आणि आजार शरीरात दुसरीकडं कुठं गेलाय का हे सगळं बघून. चौथी स्टेज म्हणजे आजार लांबच्या अवयवात पोचलेला. तुमच्या कागदावरच्या चारचा त्या चाराशी काडीचा संबंध नाही.

आणि ४ चे परत तीन भाग असतात, ए बी आणि सी, त्यात ए हा सगळ्यात कमी शंकेचा. ४ए लिहिलेल्या शंभर बायका घेतल्या तर साधारण दोन ते दहा जणींच्या गाठीत कॅन्सर निघतो आणि नव्वद किंवा जास्त जणींच्या गाठी साध्या निघतात, तरुण वयात तर बरेचदा फायब्रोअ‍ॅडिनोमा, म्हणजे रबरासारखी हलणारी साधी गाठ. डॉक्टर "बहुतेक साध्या" म्हणाले ते ह्यामुळं, नुसती समजूत काढायला नव्हे. पण दादा, शंभरातल्या त्या दोन ते दहा जणी खऱ्या असतात, त्यांचेही रिपोर्ट आम्ही टाईप केलेत, म्हणूनच म्हणतेय की "बहुतेक" हा शब्द मेसेजमधून गाळू नका. तो शब्द राहिला तरच वाक्य खरं राहतं, आणि खरं वाक्य असेल तर ती त्याच्यावर थोडी टेकू शकते. टक्केवारी मात्र मेसेजमध्ये लिहू नका. रात्री बारा वाजता ती नव्वद विसरते आणि दहा धरून बसते.

मावशींचं सुईचं. असं काही नाही. सुईने तुकडा काढला म्हणून आजार पसरला, असं होत नाही, जगभर छातीच्या गाठीचं निदान आधी सुईच्या बायोप्सीनंच करतात आणि ते केल्याशिवाय ऑपरेशन ठरवणं बरोबर नाही असंच सगळे सर्जन मानतात. शनिवारपासून तिथं काळंनिळं झालं असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर तिला वाटत असणार की हेच ते पसरायला लागलंय. ते सुईचं खरचटणं आहे, रक्त साकळतं थोडं, आठ-दहा दिवसांत निवळतं. खूप सूज, ताप, लाल होऊन गरम लागणं असं असेल तर डॉक्टरांना फोन करा, नाहीतर नाही. आणि हे तिला मेसेजमध्ये सांगू नका, आज संध्याकाळी चहा घेताना सहज विचारा, "दुखतंय काय अजून तिथं?" तुम्ही म्हणता समोर शब्द सुचत नाहीत, हे चार शब्द सुचतील.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय त्याच्याकडं येते. रिपोर्ट तुमच्या मोबाईलवर येणार आहे.

लॅबच्या काउंटरवर मी एक गोष्ट इतक्या वेळा बघितलीय. जोडपं येतं. बायको बाकड्यावर बसते, पर्स मांडीवर धरून. नवरा काउंटरला येतो, पावती देतो, पाकीट घेतो, तिथंच पाठ करून फोडतो, वाचतो. इंग्रजी कळो न कळो, शेवटच्या ओळीवर बोट ठेवतो आणि हळूच आम्हाला विचारतो, "म्हणजे काय?" आणि ती बाकड्यावरनं त्या कागदाकडं बघतच नाही, त्याच्या मानेकडं, खांद्याकडं बघत असते. त्यानं कागद घडी करून खिशात घालायला जितके सेकंद जास्त घेतले तितका तिचा चेहरा पडत जातो. मग तो वळून हसतो आणि म्हणतो, "डॉक्टरांनाच विचारू." रिपोर्ट चांगला असला तरी तेवढ्या वेळात तिच्या जिवाचं पाणी झालेलं असतं. आणि काही घरात तर सासरे-दीर सगळे येऊन सांगून जायचे, तिला सांगू नका हं, आणि ती बाई जिन्यात उभी राहून ते ऐकत असायची.

आपल्याकडं लपवायची पद्धत आहे, प्रेमापोटीच. बाईला ते माहीत असतं. म्हणून रिपोर्टच्या आदल्या रात्री तिला दोन भीत्या असतात, एक रिपोर्टची आणि दुसरी, की मला खरं सांगतील की नाही. पहिल्या भीतीवर तुमच्याकडं औषध नाही. दुसरी तुम्ही एका ओळीत घालवू शकता. "तुझ्याआधी मी उघडणार नाही." बस. मला विचाराल तर सगळ्या मेसेजमध्ये हीच ओळ खरी, बाकी सगळं तिच्या आजूबाजूला. आणि लिहिलंत तर पाळा, पीडीएफ आली की नोटिफिकेशनमध्ये नाव दिसेल, बोट शिवशिवेल, तरी उघडायची नाही. जमणार नसेल तर बुधवारीच लॅबला फोन करून तिचा नंबर द्या, किंवा तिला विचारा की कागद डॉक्टरांसमोरच बघायचा का. काही बायकांना ते बरं वाटतं, काहींना घरी आधी बघायचं असतं. तुम्ही ठरवू नका.

रिपोर्ट गुरुवारी येईलच, असंही मेसेजमध्ये ठामपणे नको. शनिवारी काढलेले ते शेवयांसारखे बारीक तुकडे फॉर्मेलिनच्या बाटलीत ठेवतात, त्यात ते पक्के व्हायला काही तास द्यावेच लागतात, मग मशीनमध्ये पाणी काढून मेणात बसवतात, त्या मेणाच्या ठोकळ्याचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागतील एवढे पातळ काप काढतात, काचेवर घेतात, गुलाबी-जांभळा रंग देतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतात. मध्ये रविवार गेला. कधी डॉक्टरांना अजून खोलातले काप बघायचे असतात, कधी एखादा वेगळा रंग लावून खात्री करायची असते, कधी ते दुसऱ्या डॉक्टरांना काच दाखवतात. अशा वेळी काउंटरवरनं "अजून दोन दिवस लागतील" असा फोन जातो आणि घरी रडारड सुरू होते. उशीर झाला म्हणजे वाईट, असं नसतं. साधी गाठ असूनही काप परत काढायला लागलेत, असं लॅबमध्ये होतच असतं. तेव्हा "उद्या सगळं कळेल" च्या ऐवजी "उद्या यायचाय" एवढंच लिहा. आणि "उद्यानंतर सगळं संपलं" हे तर अजिबात नको, कारण रिपोर्ट चांगला आला तरी बहुतेक डॉक्टर सहा महिन्यांनी परत सोनोग्राफीला बोलावतात, आणि तेव्हा तिला वाटायला नको की म्हणजे काहीतरी राहिलंच होतं.

अंबाबाई राहू द्या. तुमच्या घरात ती आहे तर मेसेजमध्ये पण असावी. फक्त "सोड" म्हणू नका, त्यात तिनं करायचं काम वाढतं आणि सोडता नाही आलं तर तिचीच श्रद्धा कमी पडल्यासारखं. दोघं जाऊन येऊ म्हणा. सहाची ओपीडी आहे, चारला निघालात तर महाद्वार रोडच्या गर्दीतनं सुद्धा दर्शन घेऊन वेळेत पोचाल.

तर मी असा लिहिला असता, तुमच्याच बोलीत. शब्द बदला, तुम्ही तिला घरात जशी हाक मारता तशी मारा, मला ते माहीत नाही.

*"झोपलीस काय? झोपली असशील तर सकाळी वाच, गडबड नाही.*

*तुला भीती वाटालीय हे मला कळालंय. मलापण वाटालीय. रिपोर्ट काय येईल ते मला माहीत नाही म्हणून उगंच काहीतरी बोलत नाही. डॉक्टर म्हणाले तेवढं खरं आहे, यातल्या बहुतेक साध्या निघतात. आणि तो चार म्हणजे स्टेज नव्हे, मी नीट विचारून घेतलंय, तुकडा काढून बघा एवढाच त्याचा अर्थ.*

*रिपोर्ट उद्या यायचाय, माझ्या मोबाईलवर येईल, पण तुझ्याआधी मी उघडणार नाही. जे असंल ते पहिल्यांदा तुला कळंल. आईला, मावशीला कधी सांगायचं ते तू सांगशील तसं.*

*सकाळी साडेसातला मी घरात. पोरीचं आवरणं, डबा, शाळेत सोडणं माझ्याकडं, तू उठू नको. चारला निघू, अंबाबाईला जाऊन मग दवाखान्यात. फाईल भरून ठेवलीय, सोनोग्राफीची फिल्म आत आहे.*

*दीड वाजता जेवायला बसतो तेव्हा फोन हातात असतोय. नुसतं 'जागी आहे' लिहिलंस तरी फोन करतो."*

लांब वाटेल. असू दे. ह्यात जे जे वचन आहे ते सगळं तुमच्या हातातलं आहे, न उघडणं, साडेसात, डबा, चार वाजता निघणं. सकाळी ती उठेल तेव्हा एक-एक खरं होत जाईल, आणि त्यावरनं तिला कळेल की बाकीचं पण हा खरं बोललाय. म्हणून साडेसातला पोचता येत नसेल तर आठ लिहा, पण लिहिलेलं चुकवू नका, निदान त्या दिवशी. आणि "नीट विचारून घेतलंय" हे लिहायच्या आधी खरंच डॉक्टरांच्या कंपाउंडरला का होईना एक फोन करा, किंवा बुधवारी ओपीडीत दोन मिनिटं जाऊन या. माझं वाचून लिहिण्यापेक्षा तिच्या कागदावर डॉक्टरांनी बोट ठेवून सांगितलेलं जास्त पक्कं.

"मलापण वाटालीय" ही ओळ काढायचा मोह होईल. आपल्याकडच्या गड्यांना ती ओळ जड जाते, मी म्हटलं की मला भीती वाटतेय तर तिचा धीर जाईल असं वाटतं. उलटं होतं हो. ती आत्ता एकटीच घाबरलीय असं तिला वाटतंय, तुम्ही तर कामावर जाताय, येताय, जेवताय. एकदाच लिहा, चार वेळा नको, नाहीतर तिलाच तुमची समजूत काढत बसायला लागेल.

वेळ. जेवणाच्या सुट्टीत दीड वाजता पाठवू नका. तोपर्यंत ती झोपलेली असली तर मेसेजच्या आवाजानं दचकून उठेल, आणि त्या रात्री एकदा उठली की परत झोप लागणं अवघड. लिहून आधीच ठेवा आणि ड्युटीवर जाताना, मशीनवर जायच्या आधी, दहा-साडेदहाला पाठवा. फाउंड्रीत भट्टीच्या बाजूला फोन नेऊ देत नसतील, तिला ते माहीत असेलही, तरी दीडला फोन बघतो असं स्पष्ट लिहिलेलं बरं, म्हणजे अकरा वाजता तिनं काही लिहिलं आणि निळी टिक आली नाही तर ती तुमची वाट कधीपर्यंत बघायची ते तिला कळतं.

तिनं उत्तर दिलं तर काय. समजा तिनं लिहिलं, "मला काय झालं तर पोरीचं कसं?" इथं हात लगेच "असं बोलू नको, अभद्र" असं टाईप करायला जाईल. थांबा. हा प्रश्न ती शनिवारपासून घेऊन फिरतेय आणि आत्ता कुठं तो तुमच्याजवळ काढलाय, तो परत तिच्याच गळ्यात घालू नका. फोन करा आणि ऐका. बोलायचंच तर एवढं, "पोरीचं मी बघतोय, आत्तापण आणि पुढंपण. अजून काय काय येतंय मनात?" मग गप्प बसा, ती रडेल कदाचित, रडू दे. लाईनवर थांबा. भट्टीचा आवाज येत असेल तर बाहेर गेटपाशी जाऊन बोला.

आणि ती काहीच लिहिणार नाही असंही होऊ शकतं, नुसता एक अंगठा येईल. त्यावरनं दुसरा मेसेज तिसरा मेसेज करू नका. तिनं वाचलंय.

त्या रात्री तिला काय पाठवायचं नाही तेही सांगते. यूट्यूबचं काही नको, कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या कुणाची गोष्ट नको (अजून कॅन्सर आहे असं कुणी म्हटलेलंच नाही), हळद-गोमूत्राचे फॉरवर्ड नकोत. मावशींना पण बुधवारी-गुरुवारी घरी येऊ देऊ नका, गोड बोलून, पोरीची परीक्षा आहे म्हणा काहीतरी.

आता गुरुवार. हे तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी लिहितेय, म्हणजे कागद समोर आल्यावर तुमचा चेहरा उगंच पडायला नको. रिपोर्टमध्ये बराच मजकूर तुकड्यांचं वर्णन असतो, किती, केवढे, कुठल्या रंगाचे, ते सोडा, निदानाची ओळ शोधा. बिनाइन, फायब्रोअ‍ॅडिनोमा, फायब्रोसिस्टिक, नेगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी, हे सगळे साध्याकडचे शब्द. खाली "क्लिनिकल कोरिलेशन" असं काहीतरी असेल, ते जवळपास प्रत्येक रिपोर्टवर असतं, त्यात काही दडलेलं नाही. पण साधा रिपोर्ट आला तरी सोनोग्राफीची फिल्म घेऊन डॉक्टरांकडं जायचंच, कारण चित्र आणि तुकडा एकमेकांशी जुळतात का हे बघायचं काम डॉक्टरांचं आहे. चित्र खूप संशयाचं आणि रिपोर्ट साधा, असं निघालं तर ते परत तुकडा घ्यायला सांगतात, कधीकधी सुई गाठीच्या शेजारी गेलेली असते. मटेरियल अपुरं असं लिहून आलं तरी तेच. अटिपिया असा शब्द असेल तर तो मधला प्रकार, कॅन्सर नव्हे पण तेवढा भाग काढून पूर्ण तपासायला बहुतेक सांगतील.

आणि कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर, लिहून आलं तर. त्याच्याशेजारी ग्रेड १, २ किंवा ३ असेल. ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे, हे परत एकदा सांगते कारण इथंच लोक कोसळतात, "ग्रेड थ्री म्हणजे थर्ड स्टेज ना?" म्हणून काउंटरला धरून उभी राहिलेली माणसं मी बघितलीत. ग्रेड म्हणजे पेशी काचेखाली कशा दिसतात ते. स्टेज त्या कागदावर नसतेच, त्याला पुढच्या तपासण्या लागतात. त्याच मेणाच्या ठोकळ्यावर ईआर, पीआर आणि हर-टू अशा चाचण्या करतात, त्याला अजून काही दिवस जातात, आणि कुठली औषधं लागू पडतील हे त्याच्यावर ठरतं. म्हणजे गुरुवारी रात्री कुठं पळायचं नसतं. ठोकळा आणि काचा लॅबमध्ये जपून ठेवलेल्या असतात, मागितल्या की मिळतात, मुंबईला टाटाला किंवा दुसऱ्या कुठल्या पॅथॉलॉजिस्टला दाखवून मत घेता येतं, त्यात आठ-पंधरा दिवस गेले म्हणून बिघडत नाही. बिघडतं ते झाडपाल्यात सहा महिने घालवल्यावर. हे सगळं आत्ता तिला सांगायची गरज नाही, तुम्हाला माहीत असलं म्हणजे झालं.

नाईट करून तुम्ही सकाळी पोरीला सोडून आलात की दुपारी झोप काढा, अलार्म साडेतीनचा लावा, फोन तिच्या उशाशी ठेवा म्हणजे पीडीएफ आली तर तिच्यासमोरच येईल. ओपीडीत आत जाताना एक वही-पेन घ्या, डॉक्टर जे सांगतील ते तुम्ही लिहून घ्यायचं, कारण तिला त्या वेळी पहिल्या वाक्यानंतरचं काही ऐकू येणार नाही, आणि घरी आल्यावर ती विचारेल, "ते नक्की काय म्हणाले?" तेव्हा वहीतनं वाचून दाखवा, जसंच्या तसं.